घाटात वाजणारं इंजिन

चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढायला लागलं, की तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात छर्रे खळखळावेत तसा आवाज येई. पाय सैल केला की थांबे, पुन्हा दाबला की सुरू. सपाट रस्त्यावर काहीच नाही. गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली पद्मिनी. आदल्या दिवशी एका अनोळखी पंपावर टाकी भरलेली, त्यामुळे सगळा संशय पेट्रोलवर.

संशय चुकीचा नव्हता. ठिणगी पडली की ज्वाला प्लगपासून पसरत जाते. तिच्यापुढे अजून न पेटलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. पेट्रोलचा ऑक्टेन कमी असेल, तर ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं हे मिश्रण एकदम स्वतःहून पेटतं. दाबाची लाट भिंतीवर आदळते, तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. चढावर थ्रॉटल उघडा, फेरे कमी आणि इंजिन तापलेलं, म्हणजे या स्फोटाला हवं ते सगळं हजर. रॉकेलचा ऑक्टेन फारच कमी, म्हणून भेसळीचं पेट्रोल आधी घाटात उघडं पडतं.

फिटरने टाकीतल्या पेट्रोलचा थेंब फिल्टर पेपरवर टाकला. चांगलं पेट्रोल उडून जातं, डाग राहत नाही. इथे तेलकट कडा राहिली. (पटकन उडणारं सॉल्व्हंट मिसळलेलं असेल तर ही परीक्षा फसते, एवढं लक्षात ठेवावं.) टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरलं. आवाज निम्मा झाला, पण गेला नाही. खरं काम इथून सुरू झालं.

‘‘साहेब, पेट्रोलनं फक्त दाखवून दिलं,’’ फिटर म्हणाला, ‘‘दुखणं आधीपासूनचं आहे.’’

त्याने टायमिंग लाइट लावली. आयडलला पुलीवरची खूण जागेवर होती. बरेच जण इथेच थांबतात. त्याने फेरे वाढवले, आणि खूण सरकण्याऐवजी झपकन पुढे पळाली. दोन हजार फेऱ्यांना ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या साधारण १८ अंश आधी पडायला हवी होती, ती २७ च्या आसपास पडत होती. दोन हजार फेऱ्यांना एका सेकंदात बारा हजार अंश होतात, म्हणजे घाई सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्याने दाब लवकर शिगेला पोहोचतो आणि कोपऱ्यातलं मिश्रण जास्त चिरडलं जातं.

डेल्को उघडला. आत दोन वजनं असतात. फेरे वाढले की ती बाहेर फेकली जाऊन ठिणगी लवकर पाडतात, आणि त्यांना आवरायला स्प्रिंगा असतात. एक स्प्रिंग तुटली होती. अशा वेळी डेल्को फिरवून टायमिंग मागे घेण्याचा मोह होतो. आवाज थांबतो, पण आयडलपासूनच ठिणगी उशिरा पडू लागते, ओढ कमी होते, पेट्रोल जास्त लागतं आणि इंजिन तापतं. त्याने तसं केलं नाही. स्प्रिंगांची जोडी बदलली आणि खूण पुन्हा आयडललाही, वरच्या फेऱ्यांवरही तपासली.

आता चढावर आवाज क्वचित येई, तोही लांबचा चढ चढून इंजिन तापल्यावर. चावी काढल्यावर इंजिन दोन-चार क्षण आपोआप धडधडत राही. हे कार्बनचं लक्षण. थर जमला की ज्वलनकक्षाची जागा घटते, दाब वाढतो, आणि थर स्वतः निखाऱ्यासारखा तापून मिश्रण पेटवतो. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन घेतलं. आकडे एकसारखे, पण पुस्तकातल्यापेक्षा वर. एरवी जुन्या इंजिनात आकडे घटलेले असतात, म्हणून वर गेलेला आकडा इथे महत्त्वाचा.

हेड उतरवलं, तर पिस्टनच्या माथ्यावर काळा, खडबडीत थर. गाडी बहुतेक गावातच थोडं थोडं अंतर चालायची, इंजिन पुरतं तापत नसे, आणि व्हॉल्व्हच्या सिलांतून तेलही झिरपत होतं. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उमटला की पुढचा कार्बन तिथेच धरतो, म्हणून त्याने लाकडाच्या पट्टीने थर सोडवला. सिल आणि हेड गॅस्केट नवी घातली. सिल तशीच ठेवली असती, तर कार्बन पुन्हा जमायला वेळ लागला नसता.

आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. तो आवाज होऊ लागताच टायमिंग मागे घेतो, म्हणून मालकाला बहुधा खळखळ ऐकूच येत नाही. घाटात ओढ कमी वाटली आणि अ‍ॅव्हरेज घसरला, तर पेट्रोल बदलून बघावं, आणि फरक पडला नाही तर कार्बनकडे वळावं.