चढावर मान टाकणारी बॅटरी

ई-सायकल सपाट रस्त्यावर मुकाट चालते, डिस्प्लेवर बॅटरीच्या दोन कांड्या दिसत असतात, आणि घाटाच्या मध्यावर मोटर एकाएकी बंद पडते. थांबून स्विच बंद-चालू केला की त्या दोन कांड्या पुन्हा दिसू लागतात आणि सायकल पन्नास-शंभर मीटर जाऊन परत थांबते. अशा वेळी बहुतेकांचा संशय मोटरवर जातो. प्रत्यक्षात पुरवठा तोडलेला असतो बॅटरीच्या डब्यातल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर देखरेख करणाऱ्या सर्किटने. आणि तिला जे दिसले त्यावरून तिचा निर्णय बरोबरच असतो.

भारतात मिळणाऱ्या अनेक ई-सायकलींना ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्यात बोटाएवढ्या दंडगोल सेलचे दहा गट एकामागे एक जोडलेले असतात. एका गटात साधारण चार सेल समांतर, म्हणजे एकूण चाळीस. पूर्ण चार्ज झाल्यावर एका गटाचे व्होल्टेज ४.२ आणि सगळ्यांचे मिळून ४२ असते. बीएमएस या दहाही गटांवर स्वतंत्र नजर ठेवते. कोणताही एक गट ठरलेल्या मर्यादेखाली, बहुधा २.५ ते ३ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी, घसरला की ती सगळ्या बॅटरीचा पुरवठा तोडते. यामागे कारण आहे. लिथियम-आयन सेल फार खोलवर रिकामा झाला तर त्याच्या आतली तांब्याची पातळ पत्री विरघळू लागते. पुढे चार्जिंगच्या वेळी ते तांबे नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते.

पण चढावर सेल खरोखर रिकामा झालेला नसतो. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. त्यातून करंट वाहू लागला की थोडे व्होल्टेज आतच खर्ची पडते आणि बाहेर तेवढे कमी मिळते. घरात पाण्याचा पंप सुरू होताना दिवा क्षणभर मंदावतो, तसाच हा प्रकार आहे. करंट जितका जास्त, तितकी घसरण मोठी. करंट थांबला की व्होल्टेज पुन्हा वर येते. बीएमएसला मात्र रिकामा झालेला सेल आणि ओझ्याखाली तात्पुरता वाकलेला सेल यांतला फरक कळत नाही. तिला फक्त आकडा दिसतो.

चढावर करंट किती वाढतो, याचा हिशेब सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन असेल, तर पॅडल न मारता सपाटीवर ताशी बावीस किलोमीटरने जायला बॅटरीतून पाचेक अँपियर पुरतात. शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी पंधराचा वेग राखायचा तर चाकाशी जवळपास ३८५ वॅट लागतात. स्वाराने पॅडल मारून त्यातले शंभर दिले, तरी उरलेले मोटरकडून यावे लागतात. त्यात चाकाच्या आसात बसवलेली हब मोटर कमी वेगात बरीच वीज उष्णतेत घालवते. कंट्रोलरची मर्यादा १५ अँपियर असेल, तर खड्या चढावर तो आकडा गाठला जाणे ओघानेच आले.

आता तीन-चार वर्षे वापरलेली अशी एक बॅटरी घेऊ. विश्रांतीत तिचे एकूण व्होल्टेज ३५ आहे. नऊ गट ३.५२ व्होल्टवर आहेत आणि सातवा गट ३.३० वर. चांगल्या गटांचा रोध २० मिलीओहम, सातव्याचा ३०. त्यातल्या चारपैकी एका सेलची जोडपट्टी कदाचित सुटली असेल. बीएमएसची मर्यादा २.८ व्होल्ट धरू. सपाटीवरच्या पाच अँपियरला सातवा गट ०.१५ व्होल्टने उतरतो आणि ३.१५ वर राहतो, म्हणजे काहीच जाणवत नाही. चढावर १५ अँपियर ओढताच तो २.८५ वर येतो, जेमतेम मर्यादेच्या वर. म्हणूनच चढाच्या सुरुवातीला मोटर चालते. मात्र करंट टिकून राहिला की सेलच्या आत लिथियमचे आयन मागणीच्या वेगाने पोहोचू शकत नाहीत, आणि पहिल्या झटक्यानंतरही व्होल्टेज हळूहळू खाली सरकत राहते. अर्ध्या-एक मिनिटात सातवा गट २.८ च्या खाली जातो आणि पुरवठा तुटतो. त्या क्षणी बॅटरीच्या टोकांशी अजून साडेतीस व्होल्टच्या वर व्होल्टेज असते. डिस्प्ले हा एकूण आकडाच पाहत असल्याने त्याला सातव्या गटाची दुर्दशा कधीच दिसत नाही.

पुरवठा तोडणारे आणखी एक ठिकाण आहे, ते म्हणजे कंट्रोलर. तो एकूण व्होल्टेज पाहतो आणि ते साधारण ३० ते ३१ च्या खाली गेले की मोटर थांबवतो. दोघांतला फरक ओळखायला उपकरण लागत नाही. मोटर थांबली पण डिस्प्ले चालू राहिला, तर बहुधा कंट्रोलरने हात आखडता घेतलेला असतो. डिस्प्लेही काळा पडला, तर बीएमएसने तोडले, किंवा एखादा कनेक्टर सैल आहे. सैल कनेक्टर चढ संपल्यावर हाताला गरम लागतो. त्या जोडात ५० मिलीओहमचा जरी रोध असला, तरी १५ अँपियरला पाऊण व्होल्ट तिथेच जातो आणि अकरा वॅटची उष्णता होते. दुरुस्तीचा हा सगळ्यात स्वस्त प्रकार असल्याने तो आधी तपासलेला बरा.

पुढची खूण बॅटरी किती भरलेली असताना मोटर थांबते, ही. फक्त शेवटच्या पाव भागात थांबत असेल, तर सेल एकूणच म्हातारे झाले आहेत. पूर्ण चार्ज असतानाही त्याच चढावर डिस्प्ले काळा पडत असेल, तर एखादा गट पार निकामी झाला असावा, किंवा करंट बीएमएसच्या स्वतःच्या मर्यादेपलीकडे जात असावा. खात्री करण्यासाठी डबा उघडून दहाही गटांचे व्होल्टेज मल्टीमीटरने आधी विश्रांतीत आणि मग ओझ्याखाली मोजावे लागते. हे काम जाणकार कारागिराचेच. तिथे चुकून दोन तारा एकमेकींना टेकल्या तर ठिणगीवर भागत नाही. थंडीतल्या पहाटेचे मोजमाप मात्र दिशाभूल करू शकते, कारण गार सेलचा रोध वाढलेला असतो. महाबळेश्वरला जानेवारीच्या सकाळी रुसणारी बॅटरी दुपारी तोच चढ चढून जाऊ शकते.

गटांमधला फरक थोडा असेल, तर चार्जरचा हिरवा दिवा लागल्यावरही तो काही तास लावून ठेवल्याने फायदा होतो. साध्या बीएमएस जास्त भरलेल्या गटांतून अगदी बारीक करंट वाहून जाऊ देतात आणि गट हळूहळू एका पातळीवर येतात. चार्जिंग नजरेसमोर असावे, हे ओघाने आलेच. पण यातून फक्त भरण्यातला फरक मिटतो. झिजलेल्या सेलचा रोध कमी होत नाही. जुन्या बॅटरीत एकाच गटाचे सेल नवे घातले, तर काही महिन्यांनी दुसरा एखादा गट सगळ्यांत कमजोर ठरतो, आणि दुरुस्तीचा खर्च पाहता हा सौदा क्वचितच परवडतो.

तोवर निभावून न्यायचे असेल, तर करंट कमी करणे हाच खरा उपाय. वरच्या उदाहरणात मोटरची मदत एक पायरी उतरवून १० अँपियरवर आणली, तर सातवा गट ३.०० व्होल्टवर थांबतो आणि नंतरच्या हळू घसरणीलाही वाव उरतो. वेग कमी होतो, पॅडल जास्त मारावे लागते, पण माथा गाठता येतो. याउलट पुन्हा पुन्हा स्विच बंद-चालू करून चढत राहिल्यास प्रत्येक खेपेला तोच कमजोर गट आणखी रिकामा होतो. बीएमएस बाजूला काढून थेट जोडणी करून देणारे कारागीरही भेटतात. तशा जोडणीत सातवा गट शून्याखाली, म्हणजे उलट्या ध्रुवतेत ढकलला जाऊ शकतो, आणि त्यानंतर ती बॅटरी चार्जिंगला लावणे म्हणजे आगीला आमंत्रण.