व्हिसाच्या खिडकीवर मराठीत

अमेरिकेतल्या मुलाकडे तीन-चार महिने जाऊन यायचं ठरलं, की गावाकडच्या आईवडिलांना विमानापेक्षा जास्त धास्ती वाटते ती मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका खिडकीची. तिथे अमेरिकी कॉन्सुलेटचा अधिकारी दोन-चार मिनिटं प्रश्न विचारतो आणि व्हिसा देतो किंवा नाकारतो. ‘साहेब इंग्लिशमध्ये विचारणार, मी काय बोलू?’ या काळजीपोटी मग एखादा एजंट, नाहीतर शेजारचा कॉलेजातला मुलगा, दहा-पंधरा इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतो. हा खटाटोप मला अनाठायी वाटतो. मुंबईत ही मुलाखत इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी आणि गुजरातीतही होते. शिवाय पर्यटक व्हिसासाठी इंग्रजी यायलाच हवं अशी अट नाही. मराठी मागून घ्यावी लागते एवढंच, आणि त्याची तयारी मुलाखतीच्या बरीच आधी, अर्ज भरतानाच सुरू होते.

DS-160 नावाचा हा ऑनलाइन अर्ज इंग्रजीतच भरावा लागतो. आईवडिलांचा अर्ज बहुतेक वेळा तिकडे बसलेला मुलगा किंवा सून रात्री जागून भरते. त्यात एका ठिकाणी, तुम्ही कोणत्या भाषा बोलता, याची यादी विचारलेली असते. मुलं सवयीनं मराठी, हिंदी आणि जोडीला इंग्रजी टाकून मोकळी होतात. वडिलांचं इंग्रजी दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतंच असेल, तर ते यादीत घालू नये. खिडकीवर मराठी मागताना समोरच्या पडद्यावरचा अर्ज आपल्या बोलण्याशी जुळलेला बरा. अर्ज भरायला कोणी मदत केली का, असाही प्रश्न शेवटाकडे असतो. तिथे मुलाचं नाव खुशाल द्यावं, त्यात काही वावगं नाही.

अर्ज पाठवण्याआधी मात्र तो आईवडिलांना फोनवर मराठीत वाचून दाखवायलाच हवा. अडचण येते ती इथेच. आपल्याकडे चुलतभाऊही भाऊच असतो आणि जावेची मुलगी आपलीच मुलगी. अर्जात जवळच्या नातेवाइकांत फक्त एक मुलगा दाखवलेला असतो आणि आई खिडकीवर कौतुकानं सांगते, ‘माझी मुलगीपण तिकडेच असते, न्यू जर्सीला.’ दुभाषा ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगणार. मग माहिती लपवल्याचा संशय आला, तर दोष कुणाला द्यायचा?

आता प्रत्यक्ष दिवस. बोटांचे ठसे आणि फोटो आधीच वेगळ्या केंद्रावर झालेले असतात. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल नेता येत नाही. मुलगी-जावई सोबत मुंबईपर्यंत आले, तरी मुलाखतीची वेळ त्यांच्या नावावर नसेल, तर सहसा बाहेरच थांबतात. त्यामुळे दुभाषा म्हणून घरचं माणूस नेण्याचा बेत आखू नये. ती सोय कॉन्सुलेटचे कर्मचारी करतात. रांग सरकत सरकत आपण काचेच्या खिडकीपाशी येतो. मुलाखत उभ्यानंच होते.

समजा, कराडजवळच्या गावातले एक निवृत्त एसटी वाहक आणि त्यांची पत्नी खिडकीवर आली आहेत. नवरा-बायको एकाच खिडकीवर एकत्र उभी राहतात. अधिकारी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. मागणी करायची ती याच क्षणी, पहिला प्रश्न येण्याआधी. काकांनी नमस्कार करून एवढंच म्हणायचं, ‘गुड मॉर्निंग, सर. मराठी, प्लीज.’ थोडं जास्त जमत असेल तर, ‘मे आय स्पीक इन मराठी, प्लीज?’ माफी मागायची गरज नाही. ‘आम्ही अडाणी माणसं’ वगैरे पालुपद तर नकोच. आणि मागणी केल्यावर गप्प राहावं.

यानंतर तीनपैकी एक काहीतरी होतं. मराठी जाणणारा कर्मचारी जवळ असेल, तर तो येऊन उभा राहतो. नसेल, तर बाजूला थांबायला किंवा दुसऱ्या खिडकीवर जायला सांगतात. हा नकार नव्हे, घाबरू नये. तिसरी शक्यता म्हणजे अधिकारी स्वतःच विचारतो, ‘हिंदी चलेगी?’ यातले बरेच अमेरिकी अधिकारी हिंदी शिकून आलेले असतात. याचं उत्तर घरून ठरवून निघावं. काकांनी नोकरीत मिरज-सोलापूरच्या प्रवाशांशी हिंदीत बोलून उभं आयुष्य काढलं असेल, तर ‘चलेगी, सर’ म्हणावं, काम लवकर होतं. काकूंना हिंदी फक्त मालिकांपुरती कळत असेल, तर ‘मुझे चलेगी, इनके लिए मराठी’ असं स्पष्ट सांगावं. दोघांना एकच भाषा घ्यावी लागते असं नाही.

दुभाषा आला की एकेक वाक्य बोलून थांबायचं. ‘मुलाकडे चाललोय.’ थांबा. ‘तो तिथे सॉफ्टवेअर कंपनीत आहे.’ थांबा. बघायचं अधिकाऱ्याकडे, कारण निर्णय त्याचा आहे. दुभाषा मराठी माणूस दिसला म्हणून ‘तुम्ही कुठले?’ अशी चौकशी नको. त्याच्या भाषांतरात चूक झाली असं वाटलं, उदाहरणार्थ साडेतीन महिन्यांचे साडेचार झाले, तर तिथल्या तिथे ‘माफ करा, साडेतीन’ म्हणावं. तेवढा हक्क आपला आहेच.

पाठ केलेल्या इंग्रजीचा खरा धोका तोतरं बोलण्यात नाही. पहिली दोन उत्तरं घडाघडा आली की अधिकारी समजतो, यांना इंग्रजी येतं. मग तो नेहमीच्या वेगानं विचारतो, पूर्वी कधी व्हिसा नाकारला होता का? काका गोंधळतात आणि आपली सवय अशी की, न कळलेल्या प्रश्नाला मान डोलवून ‘येस, येस’ म्हणायचं. अर्जात ‘नाही’ आणि तोंडी ‘हो’. असं अर्धवट कळलं, तर मधेच थांबून ‘सॉरी सर, मराठी प्लीज’ म्हणायला काही हरकत नसते. पण सुरुवातीलाच मागितलेलं बरं.

स्लॉट लवकर मिळतो म्हणून विदर्भ-मराठवाड्यातली बरीच मंडळी मुंबईऐवजी हैदराबाद घेतात. तिथे तेलुगू आणि हिंदी मिळेल, मराठी मिळेलच असं धरून चालू नये. आईला हिंदी जमत नसेल, तर चार आठवडे थांबून मुंबईचा स्लॉट घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्या अर्जदारांनाही सरसकट मिळणारी मुलाखतीची सूट उठली आहे, म्हणजे हिंदीही न येणाऱ्या आज्यांना आता खिडकीवर उभं राहावं लागणार.

हे सगळं पर्यटक व्हिसाचं झालं. विद्यार्थी व्हिसाचं गणित वेगळं. इंग्रजीतून शिकायला निघालेल्या मुलानं मराठी मागितली, तर तिथे वर्गात कसं निभावणार, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच.

मराठीत बोलल्यानं व्हिसा मिळतो असंही नाही. परत येण्याची कारणं पटली नाहीत, तर कलम २१४(बी) खाली मराठीतही नकार येतो. त्यावर अपील नसतं, भरलेलं शुल्क परत मिळत नाही, पण नव्यानं अर्ज करता येतो. आणि मागची मुलाखत इंग्रजीत दिली होती म्हणून पुढचीही इंग्रजीतच द्यावी, असं कुठेही बंधन नाही.