पत्रके मोजावीत की पाण्याची भांडी?

डेंग्यूविरोधी मोहीम संपली की अहवालात पत्रके किती वाटली, सभा किती झाल्या, भिंती किती रंगवल्या याचे आकडे येतात. त्यावरून कष्ट किती घेतले ते कळते, पण गावात डासांची पैदास घटली की नाही ते कळत नाही. ते कळायला मोजणीचा आराखडा मोहिमेच्या आधीच तयार असावा लागतो.

त्यात पहिला निर्णय काय मोजायचे, हा. रुग्णसंख्या हे उत्तर सर्वांना पटकन सुचते आणि तेच फसवे ठरते. जागृती झाली की तापाचे अधिक लोक रक्त तपासून घेतात, त्यामुळे यशस्वी मोहिमेनंतर नोंदलेले रुग्ण वाढूही शकतात. शिवाय डेंग्यूची साथ एखाद्या वर्षी आपोआप ओसरते आणि तिचे श्रेय मोहिमेला मिळते. म्हणून मोजायच्या त्या अळ्या. एडिस डास मुख्यतः घरात आणि घराभोवती साठलेल्या पाण्यात वाढतो. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, तो घर निर्देशांक. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक.

समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत सहा हजार घरे आहेत. सगळी तपासणे शक्य नाही. म्हणून ३० वस्त्या आणि प्रत्येकीत ७ घरे चिठ्ठ्या टाकून निवडायची. रस्त्याकडेची सोयीची घरे घेतली, तर आतल्या वस्त्या सुटतात. या २१० घरांची मोहिमेपूर्वीची तपासणी म्हणजे पायाभूत पाहणी. तीत ६३ घरांत अळ्या मिळाल्या, तर घर निर्देशांक ३०. अशी १०५ भांडी असली, तर ब्रेटो निर्देशांक ५०.

पाहणीत आधी प्रश्न विचारायचे, मग टॉर्च घेऊन भांडी बघायची. ‘कोरडा दिवस पाळता का?’ असे विचारले की बहुतेक जण हो म्हणतात. त्याऐवजी ‘हा रांजण शेवटचा कधी घासला?’ असे रांजणापाशी उभे राहून विचारावे. घासण्याबद्दल विचारायचे, कारण एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. फ्रीजमागचा ट्रे, कूलर, कुंडीखालची ताटली आणि अंगणातला टायर यांची नोंद वेगवेगळी ठेवायची.

उद्दिष्ट लिहिताना आकडा आणि मुदत दोन्ही हवीत. ‘पुढच्या सप्टेंबरपर्यंत घर निर्देशांक ३० वरून १५ वर’ हे उद्दिष्ट झाले. ‘जनजागृती वाढवणे’ हे तपासताच येत नाही. सप्टेंबरलाच का? पावसाळ्यात अळ्या वाढतात आणि कोरड्या दिवसांत घटतात. सप्टेंबरचा आकडा फेब्रुवारीच्या आकड्याशी ताडला, तर मोहीम न करताही यश दिसेल.

मोहीम चालू असताना आशा कार्यकर्तीने दर आठवड्याला ठरलेल्या घरांची भांडी बघावी. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. महिन्यातून एकदा बघितले, तर मधल्या पिढ्या निसटतात. तिने बघितलेल्या दहापैकी एक घर पर्यवेक्षकाने त्याच दिवशी पुन्हा बघावे. तिच्या वहीत सलग शून्ये आणि त्याला मात्र अळ्या मिळाल्या, तर गडबड नोंदीत आहे. अंतिम पाहणी मोहीम न राबवलेल्या माणसांकडे द्यावी. स्वतःचे काम स्वतः तपासताना नजर सैल पडते.

समजा, वर्षाने निर्देशांक १३ आला. उद्दिष्ट गाठले, पण श्रेय अजून ठरत नाही. पाऊस कमी झाला असेल, धूरफवारणी झाली असेल. त्यासाठी मोहीम न झालेल्या शेजारच्या हद्दीतही दोन्ही वेळा पाहणी करावी. तिथे २८ चे २२ झाले, तर सहाची घट आपोआप झाली. आपल्याकडच्या सतरातून ते सहा वजा केले की मोहिमेच्या वाट्याला अकरा उरतात. पण २१० घरांच्या पाहणीत तीसचा आकडा वरखाली नऊपर्यंत चुकू शकतो आणि चार पाहण्यांच्या चुका एकत्र आल्या की अकराचा भरवसा उरत नाही. तुलना करायची असेल, तर घरे कितीतरी जास्त घ्यावी लागतात. हे पैसे मंजूर होण्याआधी ठरायला हवे.

भांड्यांच्या वेगवेगळ्या नोंदीचा उपयोग इथे होतो. टायर आणि कुंड्या स्वच्छ, पण रांजण व ड्रम अळ्यांनी भरलेले दिसले, तर त्या वस्तीत नळाला पाणी किती दिवसांनी येते ते विचारावे. पाच दिवसांनी येत असेल, तर साठवलेले पाणी बाई ओतून देणार नाही आणि तिने ते ओतावे असे सांगणेही अन्यायाचे आहे. तिथे ‘घासून कोरडे करा’ऐवजी घट्ट बसणारे झाकण किंवा तोंडाला कापड हा संदेश हवा. पुढच्या वर्षी मोजायचेही तेच: किती रांजणांना झाकण आहे आणि झाकलेल्या रांजणांत अळ्या आहेत का.