‘या एकदा घरी’ : निमंत्रण की निरोप?

बसथांब्यावर जुन्या परिचिताची भेट होते आणि बस दिसताच तो म्हणतो, ‘या एकदा घरी.’ हे वाक्य रूपाने आज्ञार्थी असले, तरी निरोपाच्या क्षणी त्याचा अर्थ बहुधा ‘भेटून बरे वाटले’ एवढाच असतो. त्याला ‘हो, येऊ की’ हे उत्तर पुरते. तेही तितकेच मोघम असल्याने कोणीच खोटे ठरत नाही. लगेच ‘कधी येऊ?’ असे विचारल्यास मात्र समोरचा अडचणीत येतो.

मग खरे निमंत्रण ओळखावे कसे? ‘या ना’मधील आग्रहावर विसंबू नका, तो सवयीचाही असतो. आपल्या ‘येऊ की’नंतर बोलणारा काय करतो, ते पाहा. ‘नुसतं “येऊ” म्हणू नका, रविवारी येता का? मी घरीच आहे,’ असे म्हणून त्याने वार धरला, तर निमंत्रण मनापासूनचे समजावे. तेथे ‘बघू’ म्हणणे हा नकारच ठरतो. ‘रविवारी जमणार नाही, शनिवारी संध्याकाळी येतो,’ असे नेमके सांगावे.

संशय उरलाच, तर काही दिवसांनी ‘तुमच्या बाजूला येणार आहे, घरी आहात का?’ असा फोन करावा. त्यात त्याला ‘नाही’ म्हणण्याची वाट मोकळी राहते.