ग्रेव्ही कशाची आहे?

इंग्लंडमधल्या ईझिंगवोल्ड गावात जानेवारी २०१४ मध्ये शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या एका गृहस्थांनी भारतीय रेस्टॉरंटमधून चिकन टिक्का मसाला घरी नेला. आपल्याला दाणे चालत नाहीत, हे त्यांनी ऑर्डर देतानाच सांगितलं होतं. डब्याच्या झाकणावर ‘नो नट्स’ असं लिहूनही आलं. त्याच रात्री ते दगावले. मालकाने खर्च वाचवण्यासाठी बदाम पावडरीऐवजी शेंगदाणे असलेली स्वस्त पावडर वापरायला घेतली होती. २०१६ मध्ये न्यायालयाने त्याला सहा वर्षांची शिक्षा ठोठावली.

मुलाला अशी अॅलर्जी असलेल्या आपल्याकडच्या प्रत्येक घराने हे प्रकरण लक्षात ठेवावं, कारण आपल्या हॉटेलांतल्या ग्रेव्हीचंही असंच असतं. दाटपणासाठी कुठे काजूची पेस्ट, कुठे मगज, तर कुठे स्वस्तात पडतं म्हणून दाण्याचा कूट घातला जातो. वेटरला ‘यात दाणे आहेत का?’ असं विचारलं, की तो डोळ्यांना दिसणाऱ्या दाण्यांचा विचार करून ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी ‘ग्रेव्ही कशाची आहे?’ असं विचारावं. मग ‘तेल कोणतं?’, ‘चटणीचा कूट आणि ही पेस्ट एकाच मिक्सरच्या भांड्यात वाटता का?’ हे प्रश्न. उत्तरं वेटरकडून नव्हे, आचाऱ्याकडून घ्यावीत, आणि तीही दुपारी चार-पाचच्या सुमारास फोन करून, जेव्हा स्वयंपाकघरात गर्दी नसते. अॅपवर ऑर्डर करताना सूचनेच्या चौकटीत लिहिलेली ओळ आचाऱ्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. एकादशीला आणि उपवासाच्या इतर दिवशी तर साबुदाण्याच्या खिचडीमुळे कूट हॉटेलच्या ओट्यावर, झाऱ्यावर, सगळीकडेच असतो. त्या दिवशी बाहेरून मागवूच नये.

पाकीटबंद मालाच्या बाबतीत कायदा थोडी मदत करतो. भारताच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार शेंगदाणा आणि काजू, बदाम, पिस्ता, अक्रोड यांसारखे कठीण कवचाचे दाणे पदार्थात असतील, तर ‘कंटेन्स’ असं लिहून त्यांचा उल्लेख करावा लागतो. पदार्थात ते घातलेले नाहीत, पण कारखान्यात त्यांचा अंश मिसळू शकतो, अशा वेळी ‘मे कंटेन’ असं वेगळं लिहायचं असतं. पालक फसतात ते या दुसऱ्या ओळीपाशी. ‘शक्यता आहे’ म्हणजे ‘बहुधा नाही’ असा अर्थ ते लावतात. खरं तर अंश किती, हे त्या ओळीतून कळतच नाही. एकाच यंत्रावर आधी काजू बिस्किटं आणि मग साधी बिस्किटं निघाली, तर एका पाकिटात काहीच नसेल आणि पुढच्यात मुलाला त्रास होण्याइतका चुरा असेल. मागच्या वेळी काही झालं नाही, म्हणून या वेळीही होणार नाही, असं म्हणता येत नाही. ‘त्याच यंत्रावर’ आणि ‘त्याच कारखान्यात’ या शब्दांवरूनही धोका कमी की जास्त हे ठरवू नये.

नियमांत एक पळवाटही आहे. दाण्यांपासून काढलेल्या तेलासाठी अॅलर्जीची ही सूचना सक्तीची नाही. चांगलं शुद्ध केलेल्या रिफाइंड तेलात शेंगदाण्याची प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण घाण्याच्या तेलात राहतात. म्हणून घटकांच्या यादीतलं तेलाचं नावही वाचायला हवं. छोट्या पाकिटांवर यादीच नसू शकते. ती मोठ्या खोक्यावर असते, तेव्हा दुकानदाराला खोकं दाखवायला सांगावं. नेहमीच्या कंपनीचं नेहमीचं पाकीट असलं तरी प्रत्येक वेळी वाचावं, कारण घटकही बदलतात आणि कारखानाही.

सुट्या मालाला मात्र कायद्याचा हा आधार नाही. फरसाणाच्या दुकानात साधी शेव मागितली, तरी ती तळलेली असते चिवड्यातले दाणे तळलेल्या कढईतच, आणि मोजली जाते त्याच पारड्यात. उष्णतेने अॅलर्जीकारक प्रथिनं नष्ट होत नाहीत, त्यामुळे कडकडीत तेलावर भरवसा ठेवू नये. मिठाईवरचा हिरवा काप पिस्त्याचाच असेल असंही नाही. रंगवलेले शेंगदाणे पिस्ता म्हणून विकल्याची प्रकरणं नागपुरात उघडकीला आली आहेत. म्हणजे काजू-पिस्ता पचतो पण शेंगदाणा नाही, अशा मुलालाही ती बर्फी चालणार नाही.

अशा मुलासाठी शेव, चिवडा, लाडू घरीच करावेत. बाहेरचं घ्यायचंच असेल तर पूर्ण लेबल असलेलं पाकीट घ्यावं, आणि ‘मे कंटेन’ दिसलं की ते परत ठेवावं. ‘नक्की माहीत नाही’ असं दुकानदार किंवा आचारी म्हणाला, तर तो नकार समजावा. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं अॅड्रेनलिनचं इंजेक्शन सोबत नसेल, तर त्या दिवशी मुलाला बाहेरचं काहीही देऊ नका.