काचेआडचं ऊन आणि दुपारचा दुसरा थर

२०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका अमेरिकी माणसाचं छायाचित्र छापून आलं. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी होती. डावी बाजू मात्र जाड पडलेली, खोल सुरकुत्यांनी भरलेली, जणू वीस वर्षांनी मोठ्या भावाची. या माणसाने २८ वर्षं मालाचा ट्रक चालवला होता. अमेरिकेत चालकाची जागा डावीकडे असते, त्यामुळे खिडकीची काच कायम त्याच्या डाव्या गालाशी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने तेवढी बाजू बदलून हा किस्सा वाचावा.

काचेतून आलेल्या उन्हानेही हे होऊ शकतं, कारण साधी काच उन्हातला एकच भाग अडवते. त्वचेला त्रास देणारे अतिनील किरण मुख्यतः दोन प्रकारचे असतात. यूव्हीबी कातडी भाजतात, लाल करतात. यूव्हीए जास्त खोल शिरतात. सुरकुत्या, सैलपणा आणि काळसर डाग यांत त्यांचा मोठा वाटा असतो. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण रोखते, पण यूव्हीएचा निम्म्याहून जास्त भाग तिच्यातून आत येऊ शकतो. म्हणून काचेमागे बसून चेहरा भाजत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. जाता जाता एक गोष्ट: ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायला यूव्हीबी लागतात. त्यामुळे बंद काचेमागचं कोवळं ऊन अंगावर घेणाऱ्या आजोबांना ऊब मिळते, ‘ड’ नाही.

सगळ्या काचा सारख्या नसतात. मोटारीच्या पुढच्या काचेत दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि तो यूव्हीए रोखतो. बाजूच्या काचा बहुधा साध्या कडक केलेल्या असतात. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत पुढच्या काचांनी सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवले, तर चालकाच्या बाजूच्या काचांनी सरासरी ७१ टक्के. एखादी काच ४४ टक्क्यांवरच थांबत होती, तर एखादी ९६ टक्क्यांपर्यंत जात होती. गाडी किती महाग आहे किंवा काच किती गडद दिसते, यावरून अंदाज करण्यात अर्थ नाही.

ऑफिसच्या काचेचं काय? ती कशी आहे हे सहसा कुणालाच ठाऊक नसतं. एक घरगुती चाचणी करता येते. उन्हात काळा होणारा, म्हणजे फोटोक्रोमॅटिक चष्मा कुणाकडे असेल, तर तो काचेलगत उन्हात पाच मिनिटं ठेवावा. हे चष्मे मुख्यतः यूव्हीएमुळे काळे होतात. गाडी चालवताना ते काळे होत नाहीत, ही त्यांच्याबद्दलची जुनी तक्रार आहे आणि तिचं कारण पुढची काच. खिडकीमागे चष्मा चांगलाच गडद झाला, तर यूव्हीए आत येत आहेत असं समजावं. चाचणीला थोड्या मर्यादा आहेत: काही नवे चष्मे साध्या उजेडातही रंग बदलतात, आणि गरम झालेली काच कमी काळी होते.

मात्र काच कशी आहे याच्याइतकंच आपण कुठे बसतो हेही महत्त्वाचं. खोलीच्या मधोमध, खिडकीपासून तीन-चार मीटरवर बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर आकाशाचा फारच थोडा तुकडा उजेड टाकतो. तिथे दुपारी पुन्हा सनस्क्रीन लावण्याचं काही कारण नाही. खरा प्रश्न आहे तो खिडकीला खेटून बसणाऱ्यांचा, आणि त्यातही ज्यांच्या टेबलावर थेट ऊन पडतं त्यांचा. पश्चिमेच्या खिडकीत ते दुपारनंतर सरकत येतं. दक्षिणेच्या खिडकीची गंमत उलटी आहे. मे महिन्यात मुंबईत भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने ऊन आत शिरतच नाही. डिसेंबरात तो खाली झुकतो आणि ऊन टेबलापर्यंत येतं. म्हणजे ज्या महिन्यांत सनस्क्रीनची आठवणही होत नाही, नेमकं तेव्हा. मोबाइलवर दिसणारा यूव्ही इंडेक्सही इथे कामाचा नाही, कारण तो त्वचा भाजण्याच्या शक्यतेवर बेतलेला असतो आणि भाजणारा भाग तर काचेने आधीच अडवलेला असतो.

पडदा किंवा ब्लाइंड ओढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यावरून ऑफिसात भांडणं होतात, हा वेगळा विषय.

ज्यांना वांग आहेत त्यांच्यासाठी हिशेब जरा कडक आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर अतिनीलच नव्हे, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही रंग गडद करतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दृश्य प्रकाशाने सावळी त्वचा गडद झाली आणि तशीच टिकली. गोऱ्या त्वचेवर तसा परिणाम दिसला नाही. दृश्य प्रकाश काचेतून येतोच, आणि पारदर्शक सनस्क्रीन त्याला फारसं अडवत नाही. तो अडवतात आयर्न ऑक्साइड नावाची रंगद्रव्यं. त्वचेच्या रंगाच्या टिंटेड सनस्क्रीनमध्ये ती असतात, फाउंडेशनमध्येही असतात. त्यामुळे वांग असलेल्या आणि खिडकीशी बसणाऱ्या बाईने महागडं पण पांढरं सनस्क्रीन घेण्यापेक्षा टिंटेड घेतलेलं बरं. संगणकाच्या पडद्याचा निळा उजेड मात्र खिडकीच्या मानाने इतका क्षीण असतो की त्यासाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही.

आता ‘दर दोन तासांनी लावा’ या सूचनेकडे वळू. ती ट्यूबवर छापलेली असते आणि ती मुख्यतः उघड्यावर घाम गाळणाऱ्या, पोहणाऱ्या, टॉवेलने अंग पुसणाऱ्या माणसासाठी आहे. वातानुकूलित खोलीत शांत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा थर घड्याळाच्या ठोक्यावर नाहीसा होत नाही. तो जातो घामाने, तेलाने, रुमालाने, मास्कने, गालाला टेकवलेल्या फोनने. शिवाय बहुतेकांचा पहिला थरच अपुरा असतो. डब्यावरचा एसपीएफ मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. चेहऱ्याचं क्षेत्रफळ साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर एका वेळी १.२ ग्रॅम लागतं. मान धरून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांच्या लांबीभर रेघ ओढावी लागते. लोक लावतात याच्या निम्मं किंवा त्याहून कमी, आणि संरक्षणही त्या बेताने घटतं. दुसऱ्यांदा लावण्याचा एक मोठा फायदा म्हणजे सकाळी राहून गेलेल्या जागा आणि विरळ थर भरून निघतो.

समजा, ठाण्याहून फोर्टला जाणारी कोणी नोकरदार बाई आहे. सकाळी आठला तिने सनस्क्रीन लावलं, पाच-दहा मिनिटं थांबून त्यावर मेकअप केला. साध्या लोकलच्या उघड्या खिडकीत काचही नसते, त्यामुळे तिथे यूव्हीबीसुद्धा येतात. सकाळी सीएसएमटीकडे जाताना ऊन डाव्या खिडक्यांवर असतं; संध्याकाळी परतताना सूर्य पश्चिमेला आणि गाडीची दिशा उलटी, म्हणून पुन्हा डावीकडेच. उजवीकडची जागा मिळाली तर उत्तम, पण मिळाली ती जागा उत्तम हे लोकलचं तत्त्व. ऑफिसात ती खिडकीपासून लांब बसते आणि डबा तिथेच खाते. तिला दुपारी काहीही लावायची गरज नाही. पण दीड वाजता ती खाऊगल्लीत उतरणार असेल, तर त्याआधी दहा-पंधरा मिनिटं दुसरा थर हवा, कारण मुंबईत उन्हाळ्यातल्या दुपारी यूव्ही इंडेक्स ११ च्या घरात जातो. तिचं टेबल पश्चिमेच्या काचेला लागून असेल, तर ऊन टेबलावर येण्याआधी थर द्यावा किंवा पडदा ओढावा. साडेसहाला निघताना सूर्य इतका खाली असतो की घरी जाण्यासाठी म्हणून पुन्हा लावण्यात हशील नाही.

पुण्यात दुचाकीवर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींचं गणित आणखी वेगळं. घट्ट विणीचा स्कार्फ आहे तोवर तो बऱ्याच सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा. पण गालांवर, नाकावर तो घासतो आणि सोडताना क्रीम घेऊन जातो.

मेकअपवर हा दुसरा थर द्यायचा कसा? चेहऱ्यावरचं तेल आधी टिश्यूने टिपून घ्यावं. पुसायचं नाही, दाबायचं. मग पातळ, द्रव स्वरूपाचं सनस्क्रीन हाताच्या पाठीवर घ्यावं, ओलसर करून पिळलेल्या मेकअप स्पंजवर उचलावं आणि गालांची हाडं, नाक, कपाळ, कानशिलं या क्रमाने थोपटत लावावं. एकाच वेळी सगळं नाही. अर्धं लावून मिनिटभर थांबावं आणि उरलेलं लावावं. स्पंज बरंच क्रीम स्वतःच पितो, म्हणून थोडं जास्त घ्यावं. कान, मान आणि हातांची पाठ इथे मेकअप नसतो, तिथे नेहमीसारखं बोटांनी चोळून लावता येतं. लावताना शेवया सुटाव्यात तशा वळ्या निघू लागल्या, तर बहुधा चोळणं जास्त झालंय किंवा खालचं क्रीम आणि वरचं क्रीम यांचं जमत नाहीये. ब्रँड बदलण्याआधी सकाळी आणि दुपारी एकच सनस्क्रीन वापरून पाहावं.

स्टिक सोयीची असते, पण एकदा फिरवून भागत नाही. एकाच जागी तीन-चार वेळा फिरवावी आणि बोटाने थोपटावी. कुशन कॉम्पॅक्टमध्ये स्पंजात भिजवलेलं द्रव असतं. त्याने रंगही सावरतो, म्हणून मेकअपवर तो सगळ्यात कमी बिघाड करतो. स्प्रे थेट तोंडावर मारू नये, तो श्वासात जातो आणि डोळ्यांत झोंबतो; हातावर मारून थोपटावा.

आणि पावडर? सनस्क्रीन पावडरच्या डब्यावर एसपीएफ ५० लिहिलेलं असलं, तरी तो आकडा मिळवायला तिचेही १.२ ग्रॅम चेहऱ्यावर बसायला हवेत. १० ग्रॅमचा डबा त्या हिशेबाने आठ वेळांत संपेल. ज्यांच्याकडे तो चार-सहा महिने टिकतो, त्यांना संरक्षण किती मिळत असेल हे डब्याकडे बघूनच कळतं. हीच फूटपट्टी ट्यूबलाही लावता येते: रोज एकदा फक्त चेहऱ्याला पूर्ण मात्रेत लावलं, तर ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम चाळीस दिवस पुरते. पावडर तेल शोषायला चांगली, द्रव थराच्या वर शेवटचा हात म्हणूनही चांगली. त्या थराची जागा मात्र ती घेत नाही. फाउंडेशन आणि सनस्क्रीन यांच्यावरचे एसपीएफचे आकडे एकमेकांत मिळवणंही चूक आहे. ३० आणि १५ मिळून ४५ होत नाहीत, आणि फाउंडेशन तर कुणीच दोन बोटं लावत नाही.

या सगळ्या उठाठेवीवर एक तोड अशी, की फाउंडेशनच वगळायचं. सकाळी टिंटेड सनस्क्रीन पूर्ण मात्रेत, डागांवर तेवढं कन्सीलर आणि वर काजळ-लिपस्टिक. दुपारी गरज पडलीच तर तेच टिंटेड सनस्क्रीन स्पंजने वरून थोपटलं की मेकअप आणि दुसरा थर ही दोन कामं वेगळी राहत नाहीत, आणि पर्समध्ये एकच ट्यूब पुरते.