सरासरी सारखी, खेळ वेगळा

लुडोचा एक फासा हातात घ्या आणि मनात दोन खेळ मांडा. दोन्हींत एका डावाचे ३५ रुपये मोजायचे आणि फासा एकदाच टाकायचा. पहिल्या खेळात जितके ठिपके पडतील तितक्या दहाच्या नोटा मिळतात. एक पडला तर १० रुपये, सहा पडले तर ६०. दुसऱ्या खेळात सहा पडले तर २१० रुपये मिळतात, दुसरं काहीही पडलं तर एक पैसाही नाही. पहिल्याला ठिपक्यांचा खेळ म्हणू आणि दुसऱ्याला सहाचा.

यातला कुठला खेळ खेळाल, असं चार जणांना विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येतात. कुणाला २१० रुपये खुणावतात, कुणाला वाटतं की पहिल्या खेळात निदान दहा रुपये तरी हाती लागतात. या दोन्ही मतांमागे काहीतरी खरं आहे. ते नेमकं काय, हे सांगायला दोन आकडे लागतात. एक अपेक्षित मूल्य, दुसरा प्रचरण, म्हणजे कॉलेजात ज्याला व्हेरियन्स म्हणतात तो.

आधी नाव ठरवून घेऊ. फासा टाकल्यावर हाती पडणारी रक्कम दानावर अवलंबून असते आणि दान आपल्या हातात नसतं. अशा रकमेला यादृच्छिक चल म्हणतात. दान तेच असलं तरी त्याला कोणते रुपये जोडायचे हे खेळाचा नियम ठरवतो. म्हणून फासा एकच असूनही आपल्याकडे दोन वेगळे चल आहेत.

फासा सरळ असेल तर सहाही बाजूंची संभाव्यता सारखी, एक षष्ठांश. ठिपक्यांच्या खेळात १०, २०, ३०, ४०, ५० आणि ६० या रकमांची बेरीज २१० होते आणि तिला सहाने भागलं की ३५ येतात. सहाच्या खेळात पाच वेळा शून्य आणि एकदा २१०, बेरीज पुन्हा २१० आणि सरासरी पुन्हा ३५. हेच अपेक्षित मूल्य. डावाची किंमतही ३५ असल्याने दोन्ही खेळ न्याय्य आहेत, म्हणजे खेळणाऱ्याला किंवा खेळवणाऱ्याला कुणालाच झुकतं माप नाही.

‘अपेक्षित’ हा शब्द मात्र फसवा आहे. ठिपक्यांच्या खेळात ३५ रुपये कधीच मिळत नाहीत. तीस मिळतील किंवा चाळीस. सहाच्या खेळात तर ३५ च्या जवळपासही काही नाही. या शब्दाचं मूळ ख्रिस्तिआन हायगेन्स या डच शास्त्रज्ञाच्या १६५७ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या पुस्तिकेत सापडतं. डावातली आपली संधी दुसऱ्याला विकायची तर तिची वाजवी किंमत किती, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. लॅटिन भाषांतरात त्या किमतीसाठी ‘एक्स्पेक्टाशियो’ हा शब्द आला आणि तोच रुळला. म्हणून अपेक्षित मूल्य ऐकलं की ‘पुढच्या दानाला काय पडेल’ असं मनात आणू नये. ‘या संधीचा भाव काय’ असं समजावं.

भाव सारखा असला तरी दोन खेळ सारखे नाहीत, हे प्रत्यक्ष खेळलं की कळतं. मी टेबलावर बारा वेळा फासा टाकला आणि प्रत्येक दान दोन्ही खेळांच्या खात्यात मांडलं. दानं अशी पडली : ४, १, ३, ५, २, २, ४, १, ५, ३, ६, ४. बेरीज ४०, म्हणजे ठिपक्यांच्या खेळात ४०० रुपये परत. बारा डावांचे ४२० मोजले होते, तोटा २० रुपयांचा. सहाच्या खात्यात दहा डाव ओळीने कोरडे गेले आणि ३५० रुपये संपले. अकराव्याला सहा आले आणि २१० मिळाले. बाराव्यानंतर हिशेब २१० रुपये तोट्यात.

फासा तोच, दानं तीच, अपेक्षित मूल्यही तेच. तरीही एकाने २० रुपये गमावले आणि दुसऱ्याने २१०. दहा दानांत एकदाही सहा न पडणं हे काही नवल नाही. पाच षष्ठांशाला दहा वेळा गुणलं की सुमारे ०.१६ येतात, म्हणजे शंभर जण दहा-दहा डाव खेळले तर त्यांतल्या सोळा जणांची हीच गत होईल. आणि दहा डाव कोरडे गेले म्हणून अकराव्याला सहा पडण्याची संभाव्यता तसूभरही वाढत नाही. फाशाला मागचं काही आठवत नाही.

हा जो चढउतार आहे तो मोजायचा कसा? सोपा विचार असा की प्रत्येक रक्कम ३५ पासून किती दूर आहे ते पाहावं आणि त्याची सरासरी काढावी. ठिपक्यांच्या खेळात ही अंतरं उणे २५, उणे १५, उणे ५, ५, १५ आणि २५ अशी आहेत. त्यांची बेरीज केली तर शून्य. अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात, आणि हे कुठल्याही खेळात होणारच, कारण सरासरी असतेच अशी मधोमध. म्हणून आधी प्रत्येक अंतराचा वर्ग करतात, मग सरासरी घेतात. ६२५, २२५, २५, २५, २२५ आणि ६२५ यांची बेरीज १७५०. सहाने भागल्यावर सुमारे २९२. हे प्रचरण. ‘व्हेरियन्स’ हे नाव त्याला १९१८ साली रोनाल्ड फिशरने दिलं.

वर्ग केल्यामुळे २९२ हा आकडा रुपयांत नाही, रुपयांच्या वर्गात आहे, आणि अशा मापाने मनात चित्र उभं राहत नाही. म्हणून त्याचं वर्गमूळ काढून पुन्हा रुपयांवर येतात. ते साधारण १७ रुपये भरतं. याला प्रमाण विचलन म्हणतात. सहाच्या खेळात पाच वेळा अंतर उणे ३५ आणि एकदा अधिक १७५. वर्गांची बेरीज ३६,७५०, सरासरी ६१२५, वर्गमूळ ७८ रुपये. एकाच भावाच्या दोन खेळांत एकाचा झोका १७ रुपयांचा आणि दुसऱ्याचा ७८ रुपयांचा. सुरुवातीला चार जणांची मतं वेगळी पडली ती याच फरकावर.

वर्ग करण्याचा खरा फायदा पुढे दिसतो. डाव एकमेकांवर अवलंबून नसतील तर त्यांची प्रचरणं सरळ बेरजेत मिळवता येतात. शंभर डावांचं प्रचरण एका डावाच्या शंभरपट होतं. प्रमाण विचलन मात्र त्याचं वर्गमूळ असल्याने फक्त दहापट वाढतं. शंभर डावांनंतर ठिपक्यांच्या खेळात एकूण रकमेचा झोका सुमारे १७० रुपये आणि सहाच्या खेळात सुमारे ७८० रुपये.

हीच फूटपट्टी लावून फासा सरळ आहे का, हेही तपासता येतं. १८९४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या डब्ल्यू. एफ. आर. वेल्डन या प्राणिशास्त्रज्ञाने बारा फासे २६,३०६ वेळा टाकले आणि पाच किंवा सहा किती वेळा पडले याची नोंद ठेवली. एकूण दानं ३,१५,६७२. सरळ फाशांवर पाच-सहा एक तृतीयांश वेळा, म्हणजे १,०५,२२४ वेळा पडायला हवे होते. पडले १,०६,६०२ वेळा. हजारामागे जेमतेम चार दानांचा फरक, डोळ्यांना दिसणारही नाही असा. पण इतक्या दानांसाठी प्रमाण विचलन फक्त २६५ आहे आणि फरक १३७८ चा, म्हणजे पाचपटीहून जास्त. निव्वळ योगायोगाने असं होणं जवळपास अशक्य. ते फासे किंचित झुकलेले होते. ठिपके कोरून काढलेले असले की सहाची बाजू एकच्या बाजूपेक्षा हलकी होते आणि वर येण्याकडे तिचा कल राहतो, हे त्याचं साधं कारण मानलं जातं. बारा दानांत मात्र असा कल कुणाच्याच लक्षात येणार नाही, कारण तिथे चढउतारच त्याला गिळून टाकतो.

आता खेळवणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसू. त्याने बक्षिसं तीच ठेवली आणि डावाची किंमत ३५ वरून ४० केली. दोन्ही खेळांत खेळणाऱ्याचं अपेक्षित मूल्य आता डावामागे उणे ५ रुपये झालं. प्रचरण बदललं नाही, कारण सगळ्या निकालांतून तीच रक्कम वजा झाली आणि त्यांची एकमेकांपासूनची अंतरं होती तशीच राहिली.

एक माणूस शंभर डाव खेळला तर सरासरीने ५०० रुपये गमावतो. ठिपक्यांच्या खेळात झोका १७० चा आहे, त्यामुळे ५०० ची खोट भरून निघायला तीन झोक्यांइतकं नशीब लागतं. फायद्यात उठणारा माणूस हजारात एखाद-दुसरा. सहाच्या खेळात झोकाच ७८० चा, खोटीपेक्षा मोठा. तिथे ४००० रुपये मोजून फायद्यात उठायचं तर शंभरात वीस वेळा सहा पडले की पुरे, आणि हे जवळजवळ बावीस टक्के लोकांना साधतं. खेळ तितकाच तोट्याचा, पण पाचातला एक जण खिसा भरून घरी जातो.

डाव हजार झाले की खोट दहापट होऊन ५००० रुपयांवर जाते, झोका तिपटीहून थोडाच जास्त, सुमारे २५०० वर. फायद्यात राहणारे आता शंभरात दोनेक. दहा हजार डावांना खोट ५०,००० आणि झोका ७८०० च्या आसपास. तिथे खेळणारा पुढे असण्याची शक्यता धरायचीही गरज नाही. खोट डावांच्या संख्येइतकी वाढते, चढउतार तिच्या वर्गमुळाइतकाच. म्हणून सरासरी शेवटी जिंकते. ती किती डावांनी जिंकणार, हे प्रचरण ठरवतं.

आणि इथेच दोघांची बाजू वेगळी पडते. खेळणारा शंभर डाव खेळून उठतो. खेळवणाऱ्याकडे असे शंभर जण येतात, म्हणजे तो एकटा दहा हजार डाव खेळतो. जो खेळ पहिल्यासाठी नशिबाचा, तोच दुसऱ्यासाठी पगारासारखा ठरलेला. त्याला लबाडी करावी लागत नाही, फासा झुकवावा लागत नाही. पाच रुपये आणि पुरेसे डाव, इतकंच त्याला लागतं.

ठिपक्यांचा खेळ ४० रुपयांना लावला तर लोक थोड्याच वेळात उठून जातील, कारण जिंकलेला माणूस कुणालाच भेटणार नाही. सहाच्या खेळाला मात्र गर्दी राहील. शंभरातले बावीस जण जिंकल्याचं सांगतील आणि ते खरंच सांगत असतील. उरलेले अठ्ठ्याहत्तर जण गप्प घरी जातील. डोळ्यांना दिसतात ते बावीस. अठ्ठ्याहत्तर मोजायचे असतील तर कागद-पेन्सिल घ्यावी लागते.